गोधडीच्या चिठ्ठीवर काय लिहायचे?

दिवाळीची प्रदर्शने जवळ आली की गटागटांतून एकच प्रश्न येतो: 'ताई, वस्तू तयार आहेत, चिठ्ठीवर काय लिहू?' हा प्रश्न बहुधा शेवटच्या दिवशी, पिशव्या भरता भरता विचारला जातो, आणि उत्तरही तितक्याच घाईत दिले जाते. 'शुद्ध सुती, हाताने शिवलेली, टिकाऊ' असे काहीतरी लिहून आपण मोकळ्या होतो. दोन वर्षांपूर्वी मीही तशीच मोकळी झाले होते. त्याचे पैसे ज्यांनी भरले त्या बायकांनी ती चिठ्ठी वाचलीदेखील नव्हती. म्हणून या वेळचे संपादकीय चिठ्ठीबद्दल, आणि उदाहरण आमच्याच गोधडी गटाचे.

शहरातल्या एका दुकानाने आमच्या गटाकडे चाळीस गोधड्या मागितल्या. जुन्या साड्यांच्या, चार थरांच्या, पाच फूट बाय सात फूट. दुकानाची एकच अट होती: कडेला लाल गोट हवा, म्हणजे वस्तू उठून दिसेल. जुन्या साड्यांत तेवढे एकसारखे लाल कापड कुठून मिळणार? म्हणून गोटापुरते नवे कापड बाजारातून आणले. चिठ्ठी मी लिहिली. 'शंभर टक्के शुद्ध सुती. रंग पक्के. रसायनमुक्त. धुण्यास सोपी. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी.' दुकानदार खूश झाले, मीही झाले.

पावसाळा संपेपर्यंत सात गोधड्या परत आल्या. पाचांचा लाल रंग पांढऱ्या भागावर उतरला होता. एकीवर गरम इस्त्री फिरवल्यावर वरच्या कापडाचा एक पट्टा चकचकीत आणि कडक झाला होता. आणि एक मशीनमध्ये धुतल्यावर मधोमध फाटली होती. दुकानाने सातांचे पैसे पुढच्या बिलातून वळते केले. गटाचा जुना नियम असा की परत आलेल्या नगाची मजुरी मिळत नाही. त्यामुळे चार बायकांची मजुरी गेली. त्यातल्या एक मावशी बैठकीत म्हणाल्या, "ताई, माझा टाका एक न्हाई उसवला. मग पैसं माझं का कापलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. सातही गोधड्या उलटसुलट करून पाहिल्या. शिवणीत खोट निघाली ती एकाही ठिकाणी नाही. खोट चिठ्ठीत होती. मग आम्ही चिठ्ठीतला एकेक शब्द घेऊन बसलो, की हे आपल्याला खरेच माहीत आहे का, आणि कशावरून?

पहिला शब्द 'सुती'. आमच्या साड्या दोन वाटांनी येतात. काही ओळखीच्या घरांतून, आणि बऱ्याचशा भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या बायकांकडून. त्या गठ्ठ्यात नऊवारी लुगडी असतात तशा टेरिकॉटच्या साड्याही असतात, आणि धुऊन धुऊन मऊ पडलेले टेरिकॉट हाताला सुतासारखेच लागते. ओळखायचे कसे, तर जाळून. प्रत्येक साडीतून दोन-चार उभे आणि दोन-चार आडवे धागे ओढायचे, कारण काही कापडांत उभा धागा एक आणि आडवा दुसरा असतो. धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, कापडाच्या ढिगापासून लांब, काडी लावायची. सूत भरभर जळते, जळल्या कागदासारखा वास येतो, ज्योत विझली तरी निखारा क्षणभर धुमसतो आणि मागे मऊ राख उरते, चिमटीत चुरडली की उडून जाते. पॉलिस्टर ज्योतीजवळ नेताच आक्रसते, वितळते, काळसर धूर सोडते आणि टोकाला कडक मणी धरते. मिश्र कापड जळते सुतासारखे, पण राखेत खडा लागतो. तो खडा बोटाला लागला की ती साडी 'शुद्ध सुती' या शब्दातून बाद. इस्त्रीखाली चकचकीत झालेल्या गोधडीच्या वरच्या थरात असाच खडा निघाला.

फाटलेल्या गोधडीने मात्र आम्हाला चकवले. तिचे चारही थर कागदासारखे जळले, राख मऊ. म्हणजे सुती. मग फाटली कशी? गटातल्या एका शिवणकाम शिकलेल्या मुलीने सांगितले की रेयॉनही असेच जळते. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनते, त्यामुळे ज्योतीला ते आणि सूत यांत फरक कळत नाही. पाण्याला कळतो. सुती धागा ओला झाला की आणखी मजबूत होतो, रेयॉनचा धागा ओला झाला की कच्चा पडतो. आम्ही फाटलेल्या थरातून दोन धागे काढले. कोरडा ओढला तर बरी ताकद लागली; दुसरा मधोमध पाण्याचे बोट लावून ओढला, तर नेमका ओल्या जागी सहज तुटला. एक संपूर्ण थर रेयॉनचा होता. कोरड्यात तो आयुष्यभर टिकला असता, पण धुण्याच्या मशीनमध्ये पाण्याने फुगलेल्या, जड झालेल्या गोधडीचा ताण त्याला सोसला नाही.

आता साडी आली की आधी काडी, मग पाण्याचे बोट. दोन्हींत पास झालेल्या साड्यांचा ढीग वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. बाकीच्या टाकून देत नाही. त्यांच्याही गोधड्या होतात, उबदार होतात, फक्त त्यांच्या चिठ्ठीवर 'मिश्र कापड' असे लिहितो आणि किंमत थोडी कमी लावतो. एवढे करूनही 'शंभर टक्के' हा शब्द आम्ही सोडून दिला आहे. जरीकाठ, पदराची नक्षी, कुठे मागाहून लावलेला फॉल, यांतला धागा न् धागा आपण जाळून पाहत नाही. 'सुती साड्या निवडून वापरल्या आहेत' हे वाक्य आपण सिद्ध करू शकतो, तेव्हा तेच लिहावे.

कापडाच्याच ओघात आणखी एक. साड्या जुन्या आहेत हे ठसठशीत लिहायचे की नाही? दुकानाचे म्हणणे, नका लिहू, दुसऱ्याचे नेसलेले लोकांना चालत नाही. या 'चालत नाही'च्या मागे काय काय असते ते आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको. पण गोधडी मऊ आणि उबदार होते ती कापड जुने असते म्हणूनच; बाळाच्या दुपट्याला आपल्या आज्या नवे कापड कधी घेत नसत. म्हणून आम्ही पहिल्याच ओळीत लिहितो: 'वापरलेल्या साड्यांपासून.' आणि त्याखाली आम्ही काय केले ते: 'धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून.' याच्यापुढे जाऊन 'निर्जंतुक' असे लिहीत नाही, कारण तशी तपासणी आम्ही केलेली नाही. 'रसायनमुक्त' तर मुळीच नाही. गिरणीच्या साडीला कुठला रंग लावला होता हे आपल्याला ठाऊक नसते, आणि धुण्याचा सोडा हे तरी दुसरे काय आहे?

आता रंग. परत आलेल्या पाचही गोधड्यांत गुन्हेगार एकच, तो नवा लाल गोट. जुन्या साडीचा जो रंग जायचा तो तिच्या मालकिणीच्या घरीच वर्षानुवर्षे जाऊन चुकलेला असतो. नव्या कापडावर मात्र न बसलेला जादा रंग तसाच असतो, आणि लाल, मरून, काळा, गडद निळा यांचा जास्त दिसतो. आमच्याकडे कुणीतरी सांगितले, मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो. भिजवून पाहिले. मिठाच्या पाण्यात रंग खरेच कमी उतरला, आम्ही समाधान पावलो. पुढच्या धुण्यात साध्या पाण्यात पुन्हा लाल ओघळ. कापड रंगवताना पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलायला मीठ उपयोगी पडते. तयार कापडातला सैल रंग ते बांधून ठेवत नाही. सैल रंग धुऊनच काढावा लागतो: कोमट पाणी, साबण, पुन्हा पुन्हा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आमच्या त्या लाल कापडाला नंतर सहा पाणी लागली.

सहा पाण्यांनंतरही खात्री कशी करायची? नव्या कापडाचा दोन बोटे तुकडा पांढऱ्या सुती चिंधीवर टाचायचा, साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग दोन्ही एकत्रच, न सोडवता वाळवायचे. वाळल्यावर चिंधी पाहायची, कारण ओल्यात दिसत नाही असा डाग वाळताना उमटतो. चिंधी पांढरी राहिली तर कापड गोधडीला लावायचे, गुलाबी झाली तर पुन्हा धुवायचे, आणि तरीही गुलाबीच होत असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावायचे नाही. ही चिंधी आम्ही तारीख टाकून वहीत चिकटवून ठेवतो. एवढे करूनही 'रंग पक्का' लिहीत नाही. 'कोमट पाण्यात तपासलेला. तरी पहिल्या दोन धुण्यांत वेगळी धुवावी' असे लिहितो. गरम पाण्याची आम्ही चाचणी घेतलेली नाही, त्यामुळे गरम पाण्याबद्दल हमी द्यायला आम्ही कोण?

यानंतर येतो तो शब्द, ज्याच्या आड आपण फार वेळा लपतो: 'हाताने केलेले आहे, थोडाफार फरक असणारच.' फरक असतो हे खरेच. आमच्या गोधडीत धावदोऱ्याच्या दोन ओळींत सुमारे एक बोट, म्हणजे पाऊण इंच अंतर असते. पाच बाय सात म्हणजे पस्तीस चौरस फूट, आणि फुटात सोळा ओळी. एका गोधडीत साधारण साडेपाचशे फूट टाके हाताने घातले जातात. आम्ही घड्याळ लावून पाहिले तर सरावाच्या हाताला तासाला वीसेक फूट जमले, म्हणजे नुसत्या टाक्यांचे अठ्ठावीस तास. इतक्या लांबीत टाका कुठे लहान, कुठे मोठा होणार. दोघींनी मिळून शिवली असेल तर मधल्या एका ओळीपासून हात बदललेला स्पष्ट दिसतो. साडीचा घडीवर विटलेला पट्टा दिसतो. टाके कापड ओढून घेतात म्हणून माप दोन इंच इकडे-तिकडे होते. माप नेहमी शिवून झाल्यावर घ्यावे, बेतताना नाही. हे सारे चिठ्ठीवर लिहिण्याजोगे फरक.

पण आतल्या थराची घडी पडून गाठोडे झाले असेल, दोऱ्याची गाठ नुसती ओढून सोडलेली असेल, तीन-तीन इंच टाका खालच्या थरात गेलाच नसेल, कुबट वास येत असेल, तर तो फरक नाही, तो दोष आहे. हाताने केले म्हणून त्याला माफी नाही, आणि ही माफी मागणे आपल्याच बायकांच्या हाताचा अपमान आहे असे मला वाटते. चाळीस वर्षे वाकळी शिवणारी आजी गाठ सैल सोडत नाही. एक दोष तर धोक्याचाच: तुटलेली सुई. ती आत राहिली तर हाताला सापडत नाही. गोधडी बांधण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवायचा, आणि तुटलेल्या सुईचे दोन्ही तुकडे वहीत टोचून दाखवल्याशिवाय नवी सुई द्यायची नाही, असा नियम आमच्या गटाने केला. पहिल्या आठवड्यात सगळ्या चिडल्या. नंतर एका गोधडीतून अर्ध्या इंचाचे टोक निघाले, तेव्हापासून कुणी चिडत नाही.

फोटोचे वेगळे सांगायला हवे, कारण आता निम्मी मागणी फोनवरच्या फोटोवरून येते. आमच्या एकीसारखी दुसरी होत नाही. तेव्हा फोटोखाली दोनपैकी एकच लिहायचे: 'फोटोतलीच मिळेल' किंवा 'माप आणि शिवण अशी, रंग वेगळे'. सकाळच्या उन्हात, अंगणात काढलेल्या फोटोत विटलेली साडीही ताजी दिसते. सावलीत काढावा, आणि विटका पट्टा किंवा ठिगळ जिथे आहे तिथला एक जवळून काढावा.

धुण्याच्या सूचना आम्ही लिहिल्या त्या स्वतः धुऊन. एक तयार गोधडी गटासाठी राखून ठेवली आणि पाच वेळा धुतली. कोरडी दीड किलोच्या आसपास असलेली गोधडी भिजली की दुपटीहून जड होते, आणि तिचे नुकसान साबणाने होण्याआधी तिच्याच वजनाने होते. एका काठाने दोरीवर टांगली तर पाण्याचा सगळा भार वरच्या टाक्यांवर येतो. म्हणून: थंड पाणी, साधा साबण, ब्रश नाही, ब्लीच नाही, रात्रभर भिजत ठेवणे नाही; पिळायची नाही, दाबून पाणी काढायचे; दोन दोऱ्यांवर आडवी पसरायची किंवा गच्चीवर घालायची. वाळताना ऊन चांगले, पण रंगाची बाजू खाली. मशीनबद्दल लोक विचारतातच. सुती ढिगातली आमची गोधडी मशीनच्या सौम्य फेऱ्यात दोनदा निभावली, तेवढेच सांगतो. मिश्र कापडाच्या चिठ्ठीवर मात्र 'मशीन नको, गरम इस्त्री नको' असे स्पष्ट असते, कारण पॉलिस्टर इस्त्रीला भिते आणि त्या ढिगात रेयॉनही असू शकते.

'पिढ्यान्‌पिढ्या' हा शब्द काढताना मला सर्वांत जास्त वाईट वाटले. पण जुने कापड आधीच अर्धे आयुष्य जगलेले असते. कुठली साडी आधी विरेल हे सांगता येत नाही. घराघरांतल्या गोधड्या तीस-तीस वर्षे टिकलेल्या दिसतात त्या मूळच्या कापडामुळे नव्हे, दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी वर नवा थर घातला म्हणून. मग आम्ही काळाचे आश्वासन काढले आणि पिशवीत त्याच साड्यांचे दोन हातभर तुकडे आणि तोच जाड सुती दोरा घालू लागलो. चिठ्ठीवर लिहिले: 'वरचा थर विरेल तेव्हा तुकडा ठेवून आजूबाजूच्या मजबूत कापडापर्यंत टाके घाला.' दोरा सुतीच का, तर पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा बळकट असतो, तो तुटत नाही, कापडच कापतो.

कायद्याचेही एका वाक्यात सांगते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीच्या व्याख्येत लेबल, वेष्टन आणि बिलही येते. म्हणजे आपली हाताने लिहिलेली चिठ्ठीदेखील. बचत गट लहान आहे म्हणून खोटे विधान खरे ठरत नाही.

आणि मावशींचा प्रश्न. त्यावर गटाने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, परत आलेल्या नगावर आधी पाहायचे की खोट टाक्याची की शब्दांची. शब्दांची असेल तर मजुरी कापायची नाही. तो तोटा विक्रीच्या खात्यातून, म्हणजे ज्या खात्यातून माझा प्रवासखर्च निघतो त्यातून. त्या चौघींचे पैसे तीन हप्त्यांत परत दिले. दुसरी, चिठ्ठी छापण्यापूर्वी बैठकीत मोठ्याने वाचायची आणि शिवणाऱ्या बायकांनी 'हो, हे असंच आहे' म्हटल्याशिवाय छापायची नाही. पहिल्याच वाचनात एक आजी म्हणाल्या, "कडक उन्हात वाळवून लिवलंय, पर श्रावणातल्या कुठं उन्हात वाळल्या?" त्या महिन्यातल्या अकरा साड्या पुन्हा उन्हात घातल्या.

सध्याची आमची चिठ्ठी अशी आहे, कुणाला हवी तर जशीच्या तशी घ्या, पण आपल्या वस्तूला लावून पाहून: 'गोधडी, चार थर, सुमारे ५ × ७ फूट, दोन इंच कमी-अधिक. वापरलेल्या, निवडलेल्या सुती साड्यांपासून. सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवल्या आहेत. कडेचा गोट नव्या सुती कापडाचा. टाके हाताचे, लहान-मोठे दिसतील. साडीचा विटका भाग दिसेल. गाठ सुटली, थर गोळा झाला तर परत घेऊ. पहिली दोन धुणी वेगळी, थंड पाण्यात. पिळू नका, एका काठाने टांगू नका. दुरुस्तीचे तुकडे व दोरा सोबत. शिवणारी:'

या शेवटच्या ओळीवर अजून एकमत झालेले नाही. दुकानाला तिथे 'निराधार महिलांनी बनवलेली' असे हवे होते. ते बायकांनी एका आवाजात नाकारले, गटातल्या बहुतेकींना घरदार, शेत, नवरे आहेत. बहुतेकींना तिथे आपले नाव हवे आहे, आणि दोघींनी मिळून शिवली असेल तर दोन्ही नावे. एकीला नको आहे. तिची गोधडी किती दिवसांत होते आणि तिचे किती मिळतात हे घरी कळू नये, असे ती म्हणते. तिच्या गोधड्यांवर ती ओळ आम्ही कोरी सोडतो.